एका घरात दोन व्रण, ट्यूब एकच

तोंड आलं की अख्खं घर वैद्य होतं. उष्णता झाली, पोट साफ नाही, जागरणं फार, तिखट बंद कर. जाईचा पाला चाव, सब्जाचं पाणी घे, रात्री तूप लाव. सल्ल्यांना तोटा नाही. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

किती दिवस झाले?

बेंगळुरूच्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर पाच मिनिटं उभे राहा. कुणीतरी गालावर बोट ठेवून सांगतं, फोड आलाय, काहीतरी द्या. जेलची ट्यूब आणि बी-कॉम्प्लेक्सची पट्टी पिशवीत पडते. पुढचं गिऱ्हाईक. दुकानदाराने तोंडात डोकावून पाहिलं नाही, आणि ते त्याचं कामही नाही. मग ज्याचं आहे त्याच्याकडे आपण जातो कधी?

दुखणं असह्य झालं की. आणि नेमकी इथेच गफलत होते.

तोंडातला जो व्रण प्राण कंठाशी आणतो तो बहुधा निरुपद्रवी असतो. जो जिवावर बेततो तो सुरुवातीला अनेकदा दुखतच नाही. आपण दुखण्याच्या मापाने धावपळ करतो आणि चुकीच्या माणसाला आधी डॉक्टरकडे नेतो.

समजा, बेलंदूरच्या एका फ्लॅटमध्ये दोघे राहतात. मुलगा एकोणतीस वर्षांचा, आयटीत. आई एकसष्ट वर्षांची, सोलापूरहून चार महिन्यांसाठी आलेली. दोघांच्याही तोंडात व्रण आहे. घरात ट्यूब एक आहे. दोघेही तीच लावतात.

आधी मुलाचं बघू, कारण ओरडतो तो.

खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढा गोल व्रण. मधे पिवळट-पांढरा, भोवती लाल कडा. एक-दोन दिवस आधी तिथे चुरचुरत होतं. पहिले तीन-चार दिवस पाणी पितानाही डोळ्यांत पाणी. मग उतार, आणि दहाव्या दिवशी मागमूस नाही. दोन महिन्यांनी पुन्हा एक, या खेपेस जिभेच्या बाजूला. शाळेत असल्यापासून हे चालू आहे. त्याच्या वडिलांनाही तरुणपणी असंच व्हायचं.

हा वारंवार येणारा साधा व्रण. डॉक्टर त्याला अ‍ॅफ्थस अल्सर म्हणतात. ओळख सोपी आहे: सेंटिमीटरच्या आतला, गोल किंवा लंबगोल, ओठ-गालाच्या आत, जिभेखाली किंवा जिभेच्या कडेला, म्हणजे तोंडातल्या मऊ, हलत्या त्वचेवर. कडक टाळू आणि दातांना घट्ट चिकटलेली हिरडी तो सहसा टाळतो. सात ते चौदा दिवसांत जातो, व्रणाची खूणही ठेवत नाही. संसर्गजन्य नाही. आणि तो कॅन्सरमध्ये बदलत नाही.

मग तो येतो कशाने? खरं सांगायचं तर नेमकं कारण वैद्यकाला सापडलेलं नाही. घराण्यात असतो. ताण, जागरण, गाल चावला जाणं, ब्रशचा ओरखडा ही निमित्तं. काहींना टूथपेस्टमधलं सोडियम लॉरिल सल्फेट सोसत नाही. खोक्यावरचे घटक वाचा आणि दोन-तीन महिने ते नसलेली पेस्ट वापरून बघा. खर्च शून्य, कारण पेस्ट तर घ्यायचीच होती.

सिगारेट सोडल्यावर काही जणांना हे व्रण सुरू होतात. त्यासाठी सिगारेट पुन्हा धरायची नाही!

आणि उष्णता? ती मोजायची कशी, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि फोलेट मोजता येतं. लोह, बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं की तोंड येऊ शकतं, हे पक्कं ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घर, त्यात ऑफिसच्या गडबडीत दूध-दहीही सुटलेलं. तिथे बी-१२ कमी निघालं तर नवल कसलं? दरमहा तोंड येत असेल तर एकदा रक्त तपासा. सापडलं तर उपाय ठोस असतो, आणि वर्षानुवर्षं अंदाजाने बी-कॉम्प्लेक्स गिळण्यापेक्षा स्वस्त.

कमतरता सापडली तर ती का आली, हाही प्रश्न आहे. जुनाट जुलाब, गव्हाने पोट बिघडणं, शौचातून रक्त, पाळीत अति रक्तस्राव. तोंड हा तिथे निरोप्या असतो. निरोप्याला जेल लावून निरोप पोचत नाही.

आता त्याचं दुखणं. ते खरं आहे, ते कमी करता येतं, आणि त्यासाठी फार काही लागत नाही.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक जेवणानंतर चूळ. मीठ झोंबत असेल तर तेवढाच खायचा सोडा. चूळ थुंकायची, गिळायची नाही. तीन-चार दिवस चिवडा, टोस्ट, लोणचं, टोमॅटो, अननस दूर. दहीभात, मऊ खिचडी, गार ताक चालेल. बेंगळुरूची वाफाळती फिल्टर कॉफी जरा निवू द्या. बर्फाचा खडा चघळला की दहा-पंधरा मिनिटं बरी जातात.

जेवताच येत नसेल तर लिडोकेनचं जेल जेवणाआधी काही मिनिटं, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. ते बधिर करतं, बरं करत नाही. बधिर तोंडात गरम घास गेला तर कळत नाही, एवढं ध्यानात ठेवा. पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही, पण गिळायची. गोळी व्रणावर ठेवायची नाही! अ‍ॅस्पिरिनची गोळी व्रणाशी दाबून ठेवली की ती तिथली त्वचा भाजते. लवंगतेल, तुरटी, चुना यांचीही तीच गत. एका व्रणाचे दोन होतात.

लवकर बरं व्हायचं असेल तर ट्रायमसिनोलोनची तोंडासाठीची पेस्ट असते, डॉक्टरांना विचारून घ्यायची. लोक ती मलमासारखी चोळतात आणि मग म्हणतात, टिकत नाही. चोळायची नाहीच. कापसाने जागा कोरडी करा, मोहरीएवढी पेस्ट नुसती टेकवा, तिचा पातळ पापुद्रा बसू द्या. जेवणानंतर आणि झोपताना. चुरचुर सुरू झाली त्याच दिवशी लावली तर उत्तम. पाचव्या दिवशी लावून काय साधणार?

क्लोरहेक्सिडीनची चूळ सकाळ-संध्याकाळ घेतात. टूथपेस्टनंतर अर्धा तास थांबून, आणि आठ-दहा दिवसांवर नाही. त्यावर चहा-कॉफी झाली की दात काळपट पडतात, मग त्यासाठी पुन्हा दंतवैद्य.

मुलांसाठी मात्र घरातली ट्यूब उचलायची नाही. बाजारातल्या पुष्कळ जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं. सोळा वर्षांखाली ते नको. दोन वर्षांखालच्या बाळाला बधिर करणारं जेल तर नकोच. लहानग्याला ताप, तोंडात फोड आणि हातापायांवर पुरळ असेल तर तो विषाणूचा आजार आहे. तिथे महत्त्वाचं एकच: मूल पाणी पितंय का, लघवी होतेय का? नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

मुलगा बरा झाला. दहावा दिवस. ट्यूब फडताळात गेली.

आई ती अजून वापरते आहे.

आईचा व्रण डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढेशेजारच्या खोबणीत. दोन महिने झाले असावेत, नक्की आठवत नाही. दुखत नाही, म्हणून बरेच दिवस सांगितलंही नाही. दाढेचं टोक लागत असेल, असं तिला वाटतं. दिवसातून तीनदा ती मिश्री लावते. कुठे लावते? त्याच खोबणीत.

मुलाला व्रणाबद्दल ठाऊक आहे. "आई, जेल लाव ना," असं तो दोनदा म्हणालाही. तोंड उघडून पाहिलं नाही. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या आईच्या तोंडात कधी डोकावलंय?

पाहायला फोनचा टॉर्च पुरतो. मोठ्या उजेडात, आरशासमोर, दातांची कवळी असेल तर काढून. ओठ खाली ओढून आत. गाल बोटाने बाजूला ताणून, अगदी मागच्या दाढेपर्यंत, दोन्हीकडे. जीभ स्वच्छ रुमालात धरून डावीकडे, मग उजवीकडे, कडा मागपर्यंत. जीभ वर टाळूला लावून तिच्याखालचा तळ. मग धुतलेलं बोट व्रणाच्या कडेवरून फिरवा.

बोट महत्त्वाचं. साध्या व्रणाची कड मऊ लागते. कड टणक, उंचावलेली, आत वळलेली लागली, खाली गुठळी जाणवली, बोट लागताच रक्त आलं, तर जेलचं टोपण लावून टाका. शेजारी न पुसला जाणारा पांढरा चट्टा किंवा मखमली लाल डाग असेल तर आणखी घाई. लाल डाग पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो, आणि तोच लोकांना साधा वाटतो.

मग मान चाचपा: जबड्याखाली आणि कानाखाली न दुखणारी गाठ. कारण नसताना हललेला दात. ओठाला बधिरपणा. त्याच बाजूच्या कानात ठणका, आणि कान मात्र साफ. आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का, तेही बघा. जात नसतील आणि तिखटाने आग होत असेल तर सुपारी-गुटख्याने आतली कातडी आखडली असू शकते. हा आजार तंबाखूशिवाय नुसत्या सुपारीनेही होतो. 'मी फक्त सुपारी खातो' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

यातलं काहीही नसलं तरी एक नियम उरतो. तीन आठवडे.

तीन आठवडे झाले, तोच व्रण, त्याच जागी, बरा नाही. कारण काहीही वाटो, वय काहीही असो, दुखो वा न दुखो, डॉक्टरला दाखवायचा. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या मार्गदर्शिकेतही हीच मुदत आहे: कारण न सापडलेला व्रण तीन आठवड्यांवर टिकला तर तातडीने तज्ज्ञाची भेट. आणि टणक कड, आईसारखा तंबाखू किंवा पांढरा चट्टा असेल तर तीन आठवडे मोजतही बसायचं नाही.

'मी तंबाखूला शिवत नाही' हा परवाना नाही. जिभेच्या कडेचा कॅन्सर कधीही तंबाखू न खाल्लेल्यांनाही होतो. मुलाचा एखादा व्रण उद्या पंचविसाव्या दिवशी तसाच असेल तर 'मला नेहमीच येतो' म्हणून तो सुटत नाही. नेहमीचा व्रण नेहमीच्या मुदतीत जातो. मुदत मोडली, तो वेगळा.

कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. विकणाऱ्यांनी वाट काढली: मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, मिसळ गिऱ्हाइकाच्या तळहातावर. मिश्री तर घरच्या तव्यावर भाजली जाते. तिला कुठला कायदा अडवणार? ती दात घासायची म्हणून लावतात, त्यामुळे 'तंबाखू खाता का' या डॉक्टरच्या प्रश्नाला आई प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. डॉक्टरांनो, मिश्री लावता का, असंच विचारा.

नुसतं तोंडात पाहून जीव वाचतात का? वाचतात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून डॉ. आर. शंकरनारायणन यांच्या गटाने तेच केलं. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन उजेडात तोंडं तपासली. २००५ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. यंत्र कुठलं होतं? डोळे.

बेंगळुरूने त्यात फोन आणला. केएलई दंत महाविद्यालयातले डॉ. प्रवीण बिरूर, तेव्हा मजुमदार शॉ कॅन्सर केंद्रात असलेले डॉ. मोनी अब्राहम कुरियाकोस आणि त्यांचे सहकारी यांनी आरोग्यसेविकांच्या हाती मोबाइल दिले; तोंडातले फोटो काढायचे, दूरच्या तज्ज्ञाने पाहायचे. २०१५ मध्ये हे काम अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आलं. फोटो दंतवैद्याने काढला असला तर तज्ज्ञाशी मत चांगलं जुळायचं. आरोग्यसेविकांच्या बाबतीत ते बरंच कमी जुळलं.

प्रशिक्षण घेतलेल्यांची ही कथा. मग आपण फॅमिली ग्रुपवर टाकलेला धूसर फोटो आणि त्यावर मामाने दिलेलं 'काही नाही, उष्णता आहे' हे कुठे बसतं?

फोटो काढा, जरूर काढा; पण तारखेसाठी. आज एक, आठवड्याने एक, त्याच उजेडात. दोन महिने झाले की तीन, हा वाद तिथेच मिटतो. कड टणक आहे का, ते फोटोत दिसत नाही. त्याला बोटच लागतं.

तर आईला न्यायचं कुठे? दंतवैद्याकडे, आणि शक्य तर दंत महाविद्यालयाच्या ओरल मेडिसिन विभागात. बेंगळुरूत किल्ल्याजवळ व्हिक्टोरिया रुग्णालयाला लागून सरकारी दंत महाविद्यालय आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ चालेल. पुढची गरज पडली तर किडवाई कॅन्सर संस्था याच शहरात आहे. भाषेची अडचण वाटत असेल तर एवढंच पाठ करा: 'बायि हुण्णु, मूरु वारदिंद'. तोंडात व्रण, तीन आठवड्यांपासून. रांगेतली पहिली विचारपूस तेवढ्यावर भागते.

तिथे काय होईल? आधी दाढ बघतील. टोक खरंच लागत असेल तर ते घासून गुळगुळीत करतील. नुसता ओरखड्याचा व्रण असता तर कारण गेल्यावर दोन आठवड्यांत भरून आला असता, आणि चौदाव्या दिवशी परत बोलावलं असतं. या परत जाण्याला लोक दांडी मारतात. दाढ घासली, काम झालं! व्रण भरला की नाही हे बघणं हेच तर काम होतं.

आईच्या बाबतीत डॉक्टर चौदा दिवस थांबणार नाहीत. टणक कड लागली की तुकडा तपासायला घेतील. आणि इथे घरातून फोन सुरू होतील. सुई लावू नका, पसरतो! हात लावला की वाढतो!

नाही पसरत. तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरतो, ही भीती निराधार आहे. तो पसरतो वाट पाहिल्याने. ज्यांनी 'सुई नको' म्हणून आणखी चार महिने लेप लावले आणि मग मानेत गाठ घेऊन आले, त्यांच्याकडे बघून लोकांनी उलटा निष्कर्ष काढला.

प्रत्यक्षात काय असतं? बधिर करायचं इंजेक्शन, व्रणाच्या कडेचा काही मिलिमीटरचा तुकडा, त्यात थोडी शेजारची निरोगी त्वचाही, लागला तर एखादा टाका. पंधरा-वीस मिनिटं. त्या दिवशी मऊ, गार खाणं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं, मनानेच बंद करायची नाही. मिश्री मात्र आजपासून बंद; रिपोर्टची वाट बघत नाही.

कॅन्सर लवकर सापडला तर अनेकदा एका शस्त्रक्रियेवर निभावतं. जबड्याच्या हाडात किंवा मानेच्या गाठीत उतरला की हाड कापणं, रेडिएशन, नळीने खाणं. या दोहोंत फरक घालणारे आठवडे आपण जेल लावण्यात घालवतो.

काही व्रणांना तीन आठवडेही द्यायचे नसतात. केमोथेरपी चालू असताना आलेले व्रण आणि ताप. डोळे लाल, अंगावर फोड, आणि तोंड सोललेलं, विशेषतः नवं औषध सुरू झाल्यावर. व्रणांसोबत गिळता न येणं. आणि एक नेहमी निसटणारं: सांधेदुखीसाठी किंवा सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चुकून रोज घेतली जाते. पहिली खूण बहुतेकदा तोंडातच उमटते. मागोमाग रक्तपेशी कोसळतात. आजोबांना तोंड आलंय आणि ही गोळी चालू आहे? पट्टीवरच्या गोळ्या मोजा, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जेल नको, दवाखान्याची उद्याची वेळ नको.

आता आईचा रिपोर्ट. समजा, 'कॅन्सर नाही' असा आला. पेढे वाटायला हरकत नाही. पण व्रणाचं काय? तो भरला का?

तुकडा लहान असतो, आणि कधी तो नेमक्या जागेचा नसतो. रिपोर्ट चांगला, मिश्री बंद, दाढ गुळगुळीत, आणि तरीही दोन-तीन आठवड्यांनी व्रण तिथेच, तसाच टणक असेल, तर त्याच डॉक्टरकडे परत जायचं, जुनी स्लाइड बरोबर घेऊन, आणि दुसरा तुकडा मागायचा.